हाल्प द्राय म्हणजे अडीच!

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात आमची जर्मनची तोंडी परीक्षा होती. आदल्या दिवशी तास संपताना सरांनी वेळ सांगितली, तीही जर्मनमधून, म्हणजे आमचा कान तयार व्हावा. ते म्हणाले, "मोर्गन, उम हाल्प द्राय." मोर्गन म्हणजे उद्या, उम म्हणजे अमुक वाजता, द्राय म्हणजे तीन आणि हाल्प म्हणजे अर्धा. (लिहिताना शेवटी 'ब' असतो, पण जर्मन तोंडात त्याचा 'प' होतो.) चारही शब्द मला येत होते. मी वहीत लिहून घेतले : उद्या, साडेतीन वाजता.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून मी सव्वातीनलाच वर्गाशी हजर झालो. आपण पंधरा मिनिटे आधी आलो याचा अभिमानही वाटत होता. पाहतो तो वर्ग रिकामा, आणि सर कागद आवरून दाराला कडी घालत होते. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "अरे, सगळ्यांची परीक्षा झाली! हाल्प द्राय म्हणजे अडीच. पुस्तकात दिलंय ना? तो अपवाद आहे, पाठच करायचा असतो."

मित्रहो, हा लेख त्या 'अपवाद' शब्दाविषयी आहे. सरांविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि चूक माझी होती हेही मी मान्य करतो. पण तेव्हापासून मी या गोष्टीचा पिच्छा पुरवला, आणि आज माझे मत असे झाले आहे की हाल्प द्राय हा अपवाद मुळीच नाही. तो नियमाने चालणारा, सरळ प्रयोग आहे; आणि मराठी मुलाला तो कळायला पाच मिनिटे पुरेत, जर तो इंग्रजीच्या वाटेने न शिकवता मराठीच्या वाटेने शिकवला तर.

आधी माझी चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती माझ्या एकट्याची नाही. आमच्या वर्गात जर्मनचे व्याकरण इंग्रजीतून शिकवले जाते, पुस्तकही तसेच आहे. त्यामुळे 'हाल्प द्राय' ऐकताच मनात 'हाफ थ्री' उमटते. इंग्लंडमध्ये बोलताना लोक 'हाफ पास्ट थ्री' मधला मधला शब्द गाळून 'हाफ थ्री' म्हणतातच, आणि त्याचा अर्थ साडेतीन होतो. म्हणजे शब्द तेच, घड्याळात फरक मात्र एका तासाचा. जो इंग्रजीतून जातो तो बरोबर एक तास उशिरा पोचतो. आमच्या वर्गातली एक मैत्रीण याच्या उलट चुकली होती. तिने 'तीनचे अर्धे' असा हिशेब केला, म्हणजे दीड! ती एक तास आधी येऊन बसली होती. तिचे नुकसान झाले नाही, एवढाच फरक. पण दोघांनीही 'द्राय' चा अर्थ 'तीन ही संख्या' असा घेतला होता. मी तिच्यावर अर्धा चढवला, तिने तिचे दोन भाग केले. खरी गोष्ट दोघांनाही दिसली नव्हती.

ती मला दिसली घरी.

माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बाजार समितीत मापाडी होते. शाळा चौथीपर्यंत. परीक्षा हुकल्याचे मी घरी कोणाला सांगणार नव्हतो, पण रात्री जेवताना आबांनी विचारले, "झाली का रं परीक्षा?" आणि खोटे बोलवेना. मी सगळे सांगितले. म्हटले, "आबा, ते लोक अडीचला अर्धं तीन म्हणतात. आता हे कसं कळावं माणसाला?"

आबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "मग त्यात काय वंगाळ हाय? दोन मापं भरली, तिसरं अर्धं झालं. मापाला बसल्यावर असंच दिसतंय. तिसरं माप हातात असतंय ना तेव्हा?"

मी गप्पच झालो. जे पुस्तकात चौकटीत छापून 'लक्षात ठेवा' म्हटले होते, ते आबांना न शिकवता कळले होते.

आबांचे म्हणणे घड्याळाला लावून पाहू. दोन वाजले म्हणजे काय झाले? बारा वाजल्यापासून दोन तास पूर्ण भरले. त्या क्षणापासून तिसरा तास चालू झाला. घड्याळात काटा दोन आणि तीन यांच्या मध्ये फिरत असतो, तो सगळा काळ तिसऱ्या तासाचा. अडीचला हा तिसरा तास अर्धा भरलेला असतो. जर्मन माणूस नेमके एवढेच सांगतो : तिसरा अर्धा. तीन वाजून गेलेले नाहीत, तर तिसरा तास अजून भरतो आहे.

हा हिशेब आपल्यालाही परका नाही. मला आता एकोणीस वर्षे पूर्ण झाली आहेत, पण आमच्याकडे कोणी विचारले तर आई सांगते, "विसावं लागलंय त्याला." दोन्ही खरे आहे. एकात भरलेली वर्षे मोजली, दुसऱ्यात चालू असलेले. घड्याळाच्या बाबतीत इंग्रजी भाषा भरलेले तास मोजते आणि वर अर्धा जोडते. जर्मन भाषा माझ्या आईसारखे चालू तासाचे नाव घेते.

याच्याही पुढची गोष्ट मला मराठीच्या बाईंकडून कळली. त्यांना मी हा सगळा प्रकार हसत हसत सांगितला, तर त्यांनी मलाच प्रश्न केला, "अडीच या शब्दात 'दोन' कुठे आहे, सांग बरं?" मी विचार करू लागलो. साडेतीनमध्ये तीन आहे, साडेचारमध्ये चार आहे. मग 'साडेदोन' असे आपण का म्हणत नाही? बाईंनी कोशात दाखवले : अडीच हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' वरून, प्राकृत 'अड्ढाइज्ज' मधून झिजत झिजत आला आहे. हिंदीतला 'ढाई' ही त्याचाच भाऊ. अर्धतृतीय म्हणजे जिच्यात तिसरा अर्धा आहे अशी संख्या, म्हणजे शब्दशः हाल्प द्राय! बोलण्याची ही रीत किती जुनी आहे पाहा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या सम्राट अशोकाच्या लघु शिलालेखांत 'अडीच वर्षे' सांगताना हाच शब्द 'अढतिय' अशा रूपात कोरलेला आहे.

'दीड' चीही हकीकत अशीच. पालीत दीडला 'दियड्ढ' म्हणत. त्यात 'दोन' आणि 'अर्धा' आहेत, पण अर्थ अडीच नव्हे, तर 'दुसरा अर्धा' म्हणजे दीड. आणि आबांच्या पिढीने शाळेत पाठ केलेली 'औटकी' आठवते का? पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन, आणि हा शब्द 'अर्धचतुर्थ' वरून आला. चौथा अर्धा. संतांच्या वाङ्मयात माणसाच्या देहाला औट हात म्हटलेले सापडते, ते हेच साडेतीन हात. म्हणजे दीड, अडीच आणि औट ही तिन्ही नावे जर्मन घड्याळाच्याच रीतीने बांधलेली आहेत. पुढे आपल्याकडे 'साडे' ची, म्हणजे 'अर्ध्यासह' ची रीत सर्रास झाली, औट मागे पडला, आणि दीड-अडीच तेवढे जुन्या घराच्या दोन खांबांसारखे उभे राहिले.

जर्मनमध्येही हे केवळ घड्याळापुरते नाही. दीडला जर्मन लोक आजही 'आन्डरटहाल्प' म्हणतात. त्यातला 'आन्डर' म्हणजे जुन्या अर्थाने 'दुसरा', म्हणजे दुसरा अर्धा. अडीचसाठीही पूर्वी त्यांच्याकडे 'द्रिटहाल्प', म्हणजे तिसरा अर्धा, असा शब्द होता. तो आता मागे पडला, जसा आपला औट. शेजारच्या डच, डॅनिश आणि स्वीडिश भाषांतही अडीचला 'अर्धे तीन' असेच म्हणतात. रशियन माणूस तर 'तिसऱ्याचा अर्धा' असे स्पष्टच बोलतो. त्याच्या शब्दात तीन नव्हे, तिसरा आहे. तेव्हा युरोपात पाहू गेले तर इथे चमत्कारिक कोण, जर्मन की इंग्रजी, हे सांगणे कठीण आहे.

आता कोणी म्हणेल, "एवढा शब्दांचा इतिहास कशाला हवा? हाल्प ऐकले की एक वजा करून साडे लावावे, झाले!" माझ्या वर्गातले हुशार मित्र असेच करतात. ही युक्ती बरेचदा चालते. हाल्प फ्युन्फ, पाचातून एक वजा, साडेचार. हाल्प आख्ट, आठातून एक वजा, साडेसात. पण मग 'हाल्प आइन्स' आले की काय करायचे? आइन्स म्हणजे एक. एकातून एक वजा केला तर शून्य उरते, आणि 'साडेशून्य' वाजल्याचे मी तरी ऐकले नाही. आमच्या चाचणीत या एका प्रश्नावर निम्मा वर्ग अडला, आणि काहींनी चक्क दीड लिहिले. भरण्याच्या हिशेबाने जाणाऱ्याला इथे काहीच अडचण नाही. बारा वाजले, पहिला तास चालू झाला, तो अर्धा भरला : साडेबारा.

वजाबाकीची युक्ती दुसऱ्यांदा फसते ती अडीचच्या अलीकडे-पलीकडे. दोन वाजून पंचवीस मिनिटांना जर्मन लोक सहसा 'फ्युन्फ फोर हाल्प द्राय' म्हणतात. फ्युन्फ म्हणजे पाच, फोर म्हणजे आधी. अर्ध्या तिसऱ्याच्या पाच मिनिटे आधी. दोन पस्तीसला 'फ्युन्फ नाख हाल्प द्राय', नाख म्हणजे नंतर. आपण 'अडीचला पाच कमी' म्हणतो, तसेच हे आहे. पण घाईत 'पाच... आधी... अर्धा... तीन... त्यातून एक वजा' असा हिशेब करणाऱ्याची तोंडी परीक्षेत काय गत होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. 'हाल्प द्राय' कानावर पडताच मनात सरळ 'अडीच' उमटले पाहिजे. मग पाच आधी की पाच नंतर, हे आपोआप लागते.

तिसरी जागा सगळ्यांत गमतीची आहे. आमच्या पुस्तकात सव्वादोनला 'फीर्टल नाख त्स्वाय' दिले आहे. फीर्टल म्हणजे पाव, त्स्वाय म्हणजे दोन. दोननंतर पाव तास. पावणेतीनला 'फीर्टल फोर द्राय', तीनच्या आधी पाव तास. हे सोपे आहे. पण जर्मनीच्या पूर्वेकडे, सॅक्सनी आणि थुरिंगिया भागात, तसेच दक्षिणेत स्वाबियाकडे लोक नुसते 'फीर्टल द्राय' म्हणतात. मधे नाख नाही, फोर नाही. पश्चिमेकडचे कितीतरी जर्मनही इथे गोंधळतात, की हे सव्वातीन की पावणेतीन? खरे तर दोन्ही नव्हे. तिसरा तास पाव भरला, म्हणजे सव्वादोन! आणि 'द्रायफीर्टल द्राय' म्हणजे तिसरा तास पाऊण भरला, अर्थात पावणेतीन. फीर्टल द्राय, हाल्प द्राय, द्रायफीर्टल द्राय, द्राय. पाव, अर्धे, पाऊण, पूर्ण. आबांचे माप कसे चढत जाते, तसा तास चढत जातो. जर्मनीतल्या पुष्कळ चर्चची घड्याळेही असेच टोले देतात : पाव तासाला एक, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन आणि तास भरला की चार, व मग जितके वाजले तितके मोठे टोले.

यावरून मी एक खूण ठरवली आहे, ती सांगतो. मधे 'नाख' किंवा 'फोर' हा लहान शब्द असेल, तर एका ठरलेल्या क्षणापासून पुढे किंवा मागे मोजायचे. तो शब्द नसेल, आणि पाव, अर्धा किंवा पाऊण थेट आकड्याला चिकटला असेल, तर तो आकडा म्हणजे चालू तास आणि तो किती भरला ते सांगितले आहे. आपली सगळी फजिती तो लहान शब्द ऐकला की नाही यावर होते.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. रेल्वेचे वेळापत्रक, रेडिओ आणि कचेऱ्या यांत जर्मन लोक हाल्प वापरत नाहीत. तिथे चोवीस तासांचे घड्याळ चालते आणि दुपारच्या अडीचला 'फीर्त्सेन ऊअर द्रायसिश', म्हणजे चौदा वाजून तीस, असे म्हणतात. या दोन रीतींची सरमिसळ होत नाही; 'अर्धे पंधरा' असे कोणी म्हणत नाही. हाल्प हा घरातला, मित्रांमधला शब्द आहे आणि तो एक ते बारा या आकड्यांबरोबरच येतो. दुपार की रात्र, ते संदर्भावरून ओळखायचे. तेव्हा कोणाला खात्री नसेल तर 'चौदा तीस?' असे विचारून घ्यावे, त्यात लाज नाही. मी त्या दिवशी एवढे विचारले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण विचारले नाही, कारण शब्द तर सगळे येत होते! शब्द येत असूनही अर्थ चुकतो तेव्हा माणूस प्रश्न विचारत नाही, हाच या चुकीचा खरा धोका.

तर माझे मत एवढेच. आमच्या वर्गात घड्याळाचा धडा इंग्रजी 'हाफ पास्ट' पासून सुरू न करता 'अडीच' पासून सुरू करावा. फळ्यावर दीड, अडीच, औट लिहावे आणि शेजारी हाल्प त्स्वाय, हाल्प द्राय, हाल्प फीर लिहावे. मग साडेचारला हाल्प फ्युन्फ का, हे मुले स्वतःच सांगतील. इंग्रजीशी माझे वैर नाही, पुस्तके त्याच भाषेत मिळतात हेही मला समजते. पण आमच्यासारखी मुले, ज्यांच्या घरी इंग्रजी आलेच नाही, ती मनातल्या मनात मराठीचे इंग्रजी आणि इंग्रजीचे जर्मन करत असतात. या वळशात ती दमतात, आणि या एका जागी तर वळसा सरळ चुकीच्या गावाला नेतो. घरची वाट मोकळी असताना ती 'अपवाद' म्हणून बंद का करावी?

सरांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, अर्धतृतीय हा शब्द स्वतःच्या वहीत उतरवला, आणि माझी परीक्षा पुन्हा घ्यायचे कबूल केले. जाताना म्हणाले, "शनिवारी ये. उम हाल्प फीर."

फीर म्हणजे चार. रात्री आबांना विचारले, "आबा, चौथं माप अर्धं झालं तर किती?"

"औट," आबा म्हणाले.

शनिवारी मी बरोबर साडेतीनला गेलो. मागच्या वेळी मनात धरली होती तीच वेळ. या वेळी मात्र वर्गाचे दार उघडे होते.